हळदीचा व्हिडिओ: दोन कॅमेऱ्यांचे रंग काही केल्या जुळत नाहीत

अंगणवेल
मंडळी, मदत हवी आहे. एप्रिलमध्ये गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घरी चुलतबहिणीची हळद झाली. जांभ्याची भिंत, सारवलेलं अंगण, वर पिवळ्या सॅटिनचा मांडव. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा होता, एस-लॉग३ मध्ये, आयएसओ ८००, व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर बांधून ठेवलेला. दुसऱ्या बाजूने भाऊ फोनवर घेत होता, सगळं ऑटो. पावणेपाचला सुरुवात झाली आणि उखाणे होईपर्यंत पावणेसात वाजले, हॅलोजन लागले होते.

आता रिझॉल्व्हमध्ये एडिट करतेय. माझ्या क्लिपमधून भावाच्या क्लिपवर कट मारला की आत्याचा चेहरा बदलतो. माझ्याकडे ती गव्हाळ, त्याच्याकडे फिकट आणि निळसर. आपोआप जुळवणारं बटण दाबलं तर आणखी बिघडलं. मग परेड उघडून लाल, हिरवा, निळा तिन्ही एका उंचीवर आणले, तर आत्या आजारी दिसायला लागली. पुढच्या महिन्यात बहिणीच्या सासरी हे दाखवायचं आहे. नेमकं कुठून सुरू करू?

झणझणीत_रस्सा
सोपं आहे. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची रेघ चालू करा, चेहऱ्यावर मास्क टाका आणि ठिपका रेघेवर आणा. दोन्ही क्लिपमध्ये केलंत की जुळलं. चेहऱ्याची उजेडाची पातळी ७० टक्क्यांवर ठेवा. मी वाढदिवसाचे व्हिडिओ असेच करतो.

रातवा
रस्सा, वाढदिवसाला चालेल, हळदीला नाही चालणार. ती रेघ उघड्या त्वचेसाठी आहे. इथे चेहऱ्यावर हळद फासलेली आहे, वर पिवळं सॅटिन आहे आणि त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या कपाळावर पडतोय. ठिपका रेघेच्या पिवळ्या बाजूला असणारच, तो तिथेच असायला हवा. तुम्ही त्याला ओढून रेघेवर आणलंत की हळद पुसली गेली.

७० टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा गोऱ्या कातडीचा आहे. आपल्याकडे एकाच मांडवात पंचेचाळीसवर बसणारे काका असतात आणि साठवर बसणारी करवली. दोघांना सत्तरवर नेलंत तर काका राखेसारखे दिसतील. तुलना करायची तर त्याच माणसाची त्याच माणसाशी करा.

रातवा
अंगणवेल, आता तुमच्या प्रश्नाकडे. परेड सारखी केल्यावर आत्या आजारी का दिसली? तिन्ही रंग एका उंचीवर आणणं म्हणजे 'या चौकटीची सरासरी राखाडी आहे' असं मानणं. तुमच्या चौकटीत अर्धं सॅटिन आहे. तिथे लाल आणि हिरवा उंच, निळा तळाशी, आणि हे बरोबरच आहे. निळा वर ओढलात की सॅटिनचा पिवळेपणा कमी होतो आणि त्याची किंमत चेहरा भरतो.

भावाच्या फोननेही नेमकं हेच केलंय. ऑटो व्हाइट बॅलन्सला समोर पिवळं दिसलं की त्याला वाटतं बल्ब लागलाय, म्हणून तो निळा वाढवतो. हळदीच्या वाटीवर कॅमेरा गेला असेल तिथे जास्त निळं आणि मागे भिंत असेल तिथे कमी निळं झालंय का, बघून सांगा.

अंगणवेल
अगदी तसंच आहे! एका क्लिपमध्ये तो वाटीजवळ जातो, तिथे सगळं निळसर होत जातं. परत चेहऱ्यांवर आला की दोनेक सेकंदांनी रंग ठिकाणावर येतो. मला वाटलं ढग आला होता.

कोयरी
मी प्रश्न नीट वाचला असेल तर तुम्हाला राखाडी कार्ड हवं होतं. आता उशीर झाला, पण चौकटीत पांढरं काही असेलच ना? भटजींचं धोतर? ड्रॉपरने त्यावर क्लिक करा, दोन्हीकडे. झालं.

रातवा
कोयरी, धोतर फसवतं. कपड्याला नीळ दिलेली असते, शिवाय धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. ती उन्हातली अतिनील किरणं पिऊन निळा उजेड परत टाकतात. म्हणून तेच धोतर उन्हात निळसर पांढरं दिसतं आणि एलईडीखाली साधं पांढरं. त्यावर ड्रॉपर टेकवला तर उन्हातली क्लिप पिवळी होईल. स्टीलचं तांब्याभांडंही नको, त्यात सगळा मांडव उतरलेला असतो.

मुळात पांढरं किंवा राखाडी शोधायची गरजच नाही. आपल्याला आत्या 'खरी' दाखवायची नाहीये, दोन्ही क्लिपमध्ये *तीच* दाखवायची आहे. त्यासाठी दोन्हीकडे असलेली कुठलीही एक वस्तू पुरते, ती लाल असली तरी. तुमच्याकडे जांभ्याची भिंत आहे. तिच्यावर हळद नाही, ती हलत नाही, आणि मला वाटतं दोन्ही कॅमेऱ्यांत आलीच असेल.

देवराई
हे मला पटलं. फक्त एक आधी बघा, कारण मी यात चार दिवस घालवले होते. फोनची क्लिप एचडीआर आहे का? गॅलरीत क्लिपवर एचडीआर लिहिलेलं दिसतं. असेल तर ती साध्या टाइमलाइनवर टाकली की धुवून काढल्यासारखी दिसते. मी बसून कॉन्ट्रास्ट वाढवत राहिले, आणि मुळात भाषांतरच झालेलं नव्हतं.

अंगणवेल
हो, एचडीआर लिहिलंय. आणि माझ्या लॉग क्लिपवर मी नेटवरून घेतलेली एक तयार रंगपट्टी, म्हणजे लट, टाकलाय.

रातवा
मग तो लट काढा आणि देवराई म्हणतात ते आधी करा. दोन्ही क्लिप एकाच रंगभाषेत आणल्याशिवाय जुळवाजुळव सुरू करू नका. कलर स्पेस ट्रान्सफॉर्म फुकटच्या आवृत्तीतही आहे. प्रत्येक क्लिपच्या पहिल्या नोडवर आत येणारा, शेवटच्या नोडवर बाहेर जाणारा. तुम्ही कॅमेऱ्यात पीपी८ हे पिक्चर प्रोफाइल आणि फोनने एचएलजी वापरलं असेल असं धरून:

```
कॅमेरा: S-Gamut3.Cine / Sony S-Log3
फोन:   Rec.2020 / Rec.2100 HLG
दोन्ही -> DaVinci Wide Gamut / DaVinci Intermediate
शेवटी -> Rec.709 / Gamma 2.4
```

मधल्या नोडवर तुमचं काम. तिथे चित्र लॉगमध्ये असतं, त्यामुळे ऑफसेट चाक हलवणं म्हणजे कॅमेऱ्याचा छिद्राकार बदलण्यासारखं आहे. सावली आणि उजेड दोन्ही बरोबरीने हलतात. लिफ्ट-गॅमा-गेनला इथे हात लावू नका, एक गाठ सोडवताना दुसरी बसते.

मिरगाचा_किडा
माझा एक भाबडा प्रश्न. दोन्ही कॅमेरे ५६०० केल्विनवर ठेवले असते तर हा त्रासच झाला नसता, बरोबर?

रातवा
अर्धं बरोबर. क्लिपच्या आत रंग सरकला नसता, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकली असती. पण एका कंपनीचे ५६०० आणि दुसरीचे ५६०० यांत फरक असतो. सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या वेगळ्या, पुढचं गणित वेगळं. हिरवा-जांभळा कल तर केल्विनमध्ये येतच नाही, तो टिंटमध्ये असतो. फक्त हा फरक *ठरलेला* असतो. एकदा मोजला की सगळ्या क्लिपना तोच उतारा लागू पडतो. ऑटोमध्ये तो दर क्षणाला बदलतो.

पिवळा_डांबिस
हळदीला फक्त नवरानवरी पिवळी होतात असं वाटत होतं, इथे सेन्सरलाही हळद लागली 😄

माझी पण अडचण सांगतो. न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या एका घरची हळद बेसमेंटमध्ये झाली. एका बाजूला खिडकीतून ढगाळ आभाळाचा उजेड, दुसरीकडे छतावरचे एलईडी. नवरीचा एक गाल निळा, एक हिरवा. दोन क्लिप सोडा, एकाच क्लिपमधले दोन गाल जुळत नाहीत. यावर उपाय?

देवराई
डांबिस, ते वेगळं दुखणं. पूर्ण चौकटीचा बॅलन्स कितीही फिरवा, एक गाल सुधारला की दुसरा बिघडेल. खिडकीच्या बाजूला मऊ कडांचा मास्क टाकून तेवढाच भाग उबदार करा आणि माणसाबरोबर ट्रॅक करा. निळेपणा पूर्ण घालवू नका, अर्धाच कमी करा. खिडकी असल्याचं प्रेक्षकाला दिसतंय, तो थोडा निळेपणा मान्य करतो. एलईडीच्या हिरव्याला मात्र कोणी माफ करत नाही, तो टिंटने पूर्ण काढा.

अंगणवेल
दोन दिवस बसले. जिथपर्यंत आले ते सविस्तर लिहिते, चुकत असेल तर सांगा.

ट्रान्सफॉर्म लावल्या लावल्या निम्मा फरक गेला. फोनची क्लिप एकदम जिवंत झाली.

मग दोन्ही कॅमेरे एकाच वेळी चालू होते तो क्षण शोधला. पाच सुवासिनी हळद लावत असताना, साधारण ४ वाजून ५२ मिनिटांनी. आवाजावरून क्लिप लावून घेतल्या, म्हणजे सूर्य, मांडव, माणसं सगळं तेच, फरक फक्त कॅमेऱ्यांचा. माझ्या क्लिपचा स्टिल घेतला आणि वाइप करून फोनच्या शेजारी ठेवला. दोन्हीकडे भिंतीचा तोच सावलीतला दगड दिसत होता, आणि हळद न लागलेल्या करवलीचं कपाळही.

आधी फक्त उजेड. वेव्हफॉर्मवर माझ्याकडे तिचं कपाळ ५२० च्या आसपास, फोनमध्ये ६१० (१०२३ च्या पट्टीवर). एचडीआर पॅलेटमध्ये ग्लोबलचं एक्स्पोजर -०.४० ला आणल्यावर कपाळं जुळली. मग रंग. भिंतीच्या दगडावर परेड बघत ऑफसेटमधला निळा खाली, लाल किंचित वर. दगड जुळला आणि कपाळ आपोआपच जवळ आलं. मला खरंच टाळी वाजवावीशी वाटली.

दोन गोष्टी अडल्या. एक, कपाळ जुळवलं की भिंत फोनमध्ये माझ्यापेक्षा गडद राहते, भिंत जुळवली की कपाळ उजळ. दोन, हळद. माझ्याकडे ती केशरी झाक असलेली, फोनमध्ये लिंबासारखी.

रातवा
फार छान काम केलंत. एकाच वेळचा क्षण शोधलात ना, तिथेच गाठ सुटली. कॅमेऱ्यामुळे आलेला फरक आणि उजेडामुळे आलेला फरक वेगळे झाले. आता तो नोड स्टिल म्हणून जपून ठेवा आणि फोनच्या सगळ्या क्लिपना लावा. ऑटोमुळे प्रत्येक क्लिपला पुढे थोडी डागडुजी लागेल, ती वेगळ्या नोडवर करा. मूळ उताऱ्याला हात लावू नका.

पहिली अडचण फोनच्या स्वभावाची आहे. तो चौकटीचा प्रत्येक भाग वेगळा उजळतो, चेहरा ओळखून वर उचलतो. म्हणून एका चाकाने सगळं जुळणार नाही, आणि ते पूर्णपणे परत फिरवताही येत नाही. चेहरा धरा, भिंत सोडा. कट होताना प्रेक्षकाची नजर चेहऱ्यावर असते.

दुसरी: ह्यू व्हर्सेस ह्यू वक्र. पिवळ्यावर बिंदू घ्या, दोन्ही बाजूंना आणखी दोन बिंदूंनी बांधून टाका, आणि मधला अगदी किंचित केशरीकडे. हा नोड मूळ जुळवणीच्या *नंतर*. आधी केलात तर निळा कमी करताना पिवळा पुन्हा सरकेल.

झणझणीत_रस्सा
मी उलट केलं असतं. फोन सुधारत बसण्यापेक्षा मिररलेसच फोनसारखा करायचा. त्याच्यात वाव जास्त.

रातवा
रस्सा, हे मात्र तुम्ही नेमकं बोललात आणि मी सांगायला विसरलो. फोनच्या कमजोर क्लिपला जितकं कमी ओढाल तितकं बरं. अंगणवेल, उन्हात सॅटिनच्या घडीवर फोनचा लाल चॅनल वरच्या रेषेला चिकटून सपाट झालाय का, बघा. तिथला तपशील गेलेला असतो. एक्स्पोजर कमी केलंत तरी घडी परत येत नाही, फक्त मळकट पिवळा डाग मिळतो. तसं असेल तर त्या प्रसंगापुरते तुमचे शॉट थोडे उजळ करा, दोघं मधे कुठेतरी भेटतील.

अंगणवेल
सपाट झालाय, दोन क्लिपमध्ये. तिथे माझे शॉट ०.१५ ने वर नेले आणि फोन -०.४० ऐवजी -०.२५ वर ठेवला. घडी दिसत नाही, पण डाग तरी गेला.

वाटीवरच्या त्या क्लिपचं काय करू? ती मला हवीच आहे, त्यात आजीचा हात आहे.

देवराई
कीफ्रेम. रंग सरकायला लागतो त्या फ्रेमवर एक कीफ्रेम, सरकणं थांबतं तिथे दुसरी, आणि दुसरीवर निळा कमी करा. परत येताना तसंच उलट. सरकणं एका वेगाने होत नाही, म्हणून मधे कुठेतरी फसेल, तिथे तिसरी घाला. आणि नोडवरचं सॅच्युरेशन तात्पुरतं दुपटीवर न्या, नजरेला न दिसणारं सरकणं लगेच ओरडून सांगतं. काम झालं की परत खाली.

डोळ्यांवर फार वेळ विश्वास ठेवू नका. दहा मिनिटं त्याच चौकटीकडे बघितलं की डोळा तोच रंग खरा मानतो. उठून झाडांना पाणी घालून या.

कोयरी
उखाण्यांचं राहिलं की. ते पावणेसातचे ना?

अंगणवेल
हो, तेच आता छळतंय. मला एडिटमध्ये उखाणे हळदीच्या *मधे* हवे आहेत. सुवासिनी हळद लावतायत, कट, नवरी उखाणा घेतेय, कट, परत हळद. पण हळदीला ऊन आहे, उखाण्याला मागे निळं आभाळ आणि समोर हॅलोजन. ५६०० वर बांधलेला असल्याने नवरी भगवी दिसतेय. ऑफसेटने थंड केली तर चेहरा ठीक झाला, पण मागचं आभाळ गडद निळं पडलं.

रातवा
साहजिक आहे. हॅलोजन साधारण ३२०० केल्विनचा, मागचं आभाळ त्याच्या कितीतरी वर. दोन उजेड एका चाकाने सांधणार नाहीत. चेहरा अर्धवट थंड करा, भगवी छटा थोडी राहू द्या. आभाळ क्वालिफायरने निवडून त्याचं सॅच्युरेशन कमी करा.

पण संध्याकाळची दुपार होणार नाही. पावणेपाचला भिंतीवर मांडवाच्या खांबांच्या सावल्या तिरक्या पडल्यात, पावणेसातला सावल्याच नाहीत. रंग जुळवलात तरी डोळ्याला खोटं कळतं. मी उखाणे शेवटी ठेवीन. दिवस कलताना दिसू दे. दर कटला थोडं थोडं उबदार होत गेलं तर कोणालाच खटकत नाही, खटकते ती पुढेमागे मारलेली उडी.

देवराई
इथे मी वेगळं म्हणेन. लग्नाच्या व्हिडिओत लोक घड्याळ बघत नाहीत. उखाण्यांचे जवळचे शॉट घ्या, ज्यात आभाळ आणि भिंत नाही, फक्त चेहरा आणि मुंडावळ्या. मधे आवाजाचा पूल ठेवा: उखाणा ऐकू येतोय आणि चित्र हळदीच्या हातांचं. बारा सेकंदांच्या उखाण्यात चेहरा चार सेकंद दिसला तरी पुरतो. मी असे कितीतरी पोचवलेत, कोणी विचारलं नाही.

रातवा
जवळचा शॉट असेल तर चालेल, मान्य. मोठ्या चौकटीत नाही.

पिवळा_डांबिस
मास्कचा उपाय करून बघितला. हिरवा गाल गेला! निळा अर्धा ठेवला, देवराई म्हणतात तसा. बायको म्हणाली, आता खिडकीपाशी बसल्यासारखी दिसतेय. ती तिथेच बसली होती.

अंगणवेल
शेवटचं अपडेट. वाटीची क्लिप तीन कीफ्रेममध्ये जमली, आजीचा हात आता निळा नाही. फोनच्या एकूण २३ क्लिप, त्यातल्या १४ ना तो मूळ उतारा जसाच्या तसा चालला, बाकीच्यांना डागडुजी. रस्साने सांगितलेली रेघ मी शेवटी वापरलीच, पण फक्त करवलीच्या कपाळावर, हळद लागण्याआधीच्या शॉटमध्ये, आणि ती जागेवर होती.

उखाण्याच्या दोन आवृत्त्या केल्यात, एक रातव्याची, एक देवराईंची. आईला दोन्ही दाखवल्या. ती रंगांबद्दल काही बोलली नाही, म्हणाली नवरी नाव घेताना थांबली ती जागा कापू नकोस. ती जागा मोठ्या चौकटीत आहे, आभाळासकट. त्यामुळे आता पुन्हा आभाळाशी झगडतेय. क्वालिफायर केसांच्या कडेने फाटतोय, मोकळ्या केसांत मोगरा आहे. कोणी केला आहे का असा शॉट?

देवराई
मोगऱ्याचा पांढरा क्वालिफायरमध्ये आत येत असेल. आधी क्वालिफायरच्या भोवती मोठा मऊ मास्क टाकून डोकं बाहेर ठेवा, मग ब्लर रेडियस थोडा वाढवा. फाटलेली चौकट असेल तर स्क्रीनशॉट टाका, बघते.